सात वर्षांची मुदत आणि आठव्या वर्षाचा हिशेब

"ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी करते. डिसेंबरात लग्न आहे. होणारा नवरा म्हणतो, लग्न सात वर्षांच्या कराराचं असावं. दर सात वर्षांनी दोघांनी बसून पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं, म्हणजे कुणी कुणाला गृहीत धरणार नाही. आधी मला हसू आलं, मग पटायला लागलं, आता भीती वाटतेय. सरकारनं करेपर्यंत आपण आपल्यापुरतं लिहून घेऊ, असं तो म्हणतो. खरंच असा कायदा असता तर माणसं वेगळी वागली असती का? आणि मी सही करू का? — एक वाचक, पुणे"

सहीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. त्या कागदाला कोर्टात किंमत नाही. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली (१९५५) होवो की विशेष विवाह कायद्याखाली (१९५४), दोन्हींत लग्नाला मुदत घालायची सोय नाही. 'अमुक वर्षांनी वेगळं होऊ' असा आगाऊ करार केला, तर तो भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून रद्दबातल धरला जातो. सात वर्षं संपली तरी लग्न संपणार नाही. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब ची परस्पर संमतीची वाट आहे. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग निदान सहा महिने थांबून पुन्हा कोर्टापुढं जायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. एकालाच वेगळं व्हायचं असेल तर कारण सिद्ध करावं लागतं, आणि त्यात किती वर्षं जातील ते कुणीच सांगू शकत नाही.

आता खरा प्रश्न. माणसं वेगळी वागली असती का? नक्कीच. पण ती कशी वागली असती हे सात या आकड्यावर फारसं अवलंबून नाही. ते आणखी तीन कलमांवर ठरतं, आणि गप्पांमध्ये ती तीन कलमं हटकून वगळली जातात: कुणीच काही बोललं नाही तर काय, नको असेल तर किती आधी सांगायचं, आणि संपलंच तर हिशेब कसा करायचा. तुमच्या होणाऱ्या नवऱ्यानं यातलं एकही सांगितलेलं दिसत नाही.

ही कल्पना त्याची नाही, हेही सांगून टाकते. २००७ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या बव्हेरियात गाब्रिएले पाउली या राजकारणी बाईंनी ती जाहीरपणे मांडली होती. त्या तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाला उभ्या होत्या. लग्न सात वर्षांनी आपोआप संपावं आणि ज्यांना हवं त्यांनी मुद्दाम 'हो' म्हणून ते वाढवावं, असं त्यांचं म्हणणं. पक्ष कॅथलिक वळणाचा, त्यामुळं गदारोळ झाला आणि निवडणुकीत त्या फार मागं तिसऱ्या राहिल्या. २०११ मध्ये मेक्सिको शहराच्या विधानसभेत निदान दोन वर्षांच्या, नूतनीकरण करता येणाऱ्या लग्नाचा प्रस्ताव आला. तोही कायदा झाला नाही. पण मुदत संपली तर मुलं कुणाकडं आणि मालमत्तेचं काय, हे करारातच आधी लिहून ठेवायचं, असं त्यात होतं. मुदतीचं लग्न मुळात नवीनही नाही. इस्ना अशरी शियांच्या कायद्यात मुता आहे. त्यात मुदत आणि मेहेर दोन्ही आधी ठरतं, मुदत संपली की तलाकची गरज पडत नाही. त्यातली मुलं औरस धरली जातात, पण बाईला एरवी पोटगीचा किंवा वारशाचा हक्क साधारणपणे मिळत नाही, तो वेगळा ठरवून घ्यावा लागतो. म्हणजे शेकडो वर्षांच्या वापरातल्या मुदतीच्या लग्नातही गाडी शेवटी त्याच तिसऱ्या कलमावर येऊन थांबते.

पहिलं कलम: गप्प राहिलं तर काय. पाउलीबाईंच्या योजनेत गप्प राहिलं की लग्न संपतं. उलट नियमात गप्प राहिलं की चालू राहतं आणि संपवायचं असेल त्यानं नोटीस द्यायची. वरवर दोन्ही सारखेच वाटतात. पण तुमच्या ओळखीतलं एखादं बरं चाललेलं, थोडं कंटाळलेलं जोडपं घ्या. पहिल्या नियमात त्यांना रजा काढून निबंधकाकडं जाऊन 'हो' म्हणावं लागेल. 'जायचं का?' हे आधी कुणी विचारायचं, यावरच दोघं अडून बसतील, कारण जो आधी विचारतो तो गरजू ठरतो. त्यातल्या कितीकांचं लग्न केवळ मानापायी मोडेल. दुसऱ्या नियमात नोटीस देणाऱ्यावर सगळं ओझं येतं. मारहाण सोसणाऱ्या बाईला त्याच घरात राहून नोटीस द्यावी लागेल, म्हणजे आज जी अडचण आहे तीच पुन्हा. तिच्यासाठी पहिला नियम बरा, कारण तिला काहीच करायचं नसतं, फक्त तारीख उलटू द्यायची. एकच नियम या दोन्ही घरांना नीट बसत नाही. माझं मत विचाराल तर आपोआप संपणारा नियम त्या दुसऱ्या घरासाठी मोलाचा आहे, आणि या सगळ्या कल्पनेत मनापासून पटावा असा एवढाच भाग आहे.

त्याला थोडा आधारही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७० पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांत एकाच्या इच्छेवर लग्न सोडता येऊ लागलं. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याराज्यांची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा असा कायदा आल्यावर बायकांच्या आत्महत्या आणि घरातली मारहाण या दोन्हींत स्पष्ट घट दिसली. बाहेर पडणं सोपं झालं की आत राहिलेलीलाही बरं वागवलं जातं, असा त्याचा अर्थ. तुमचा होणारा नवरा 'गृहीत धरणार नाही' म्हणतो त्याची ही बाजू खरी आहे.

आता दुसरी बाजू. याच स्टीव्हनसन यांनी २००७ च्या वेगळ्या अभ्यासात नवविवाहितांकडं पाहिलं. जिथं एकतर्फी घटस्फोट मिळतो त्या राज्यांत, जोडीदार शिकत असताना आपण कमावून घर चालवायचं, अशी जोडपी सुमारे १० टक्क्यांनी कमी होती. दोघंही पूर्णवेळ नोकरी करण्याचं प्रमाण जास्त, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत मूल होण्याचं कमी. प्रेम आटलं म्हणून हे झालेलं नाही. जिथं टाकलेलं परत मिळेल याची खात्री नाही तिथं माणूस टाकतच नाही, एवढंच.

अकरा महिन्यांच्या भाडेकरारावरच्या घरात तुम्ही राहिला असाल. तिथं कुणी भिंतीत कपाट बसवून घेत नाही. घडीचं कपाट, घडीचा पलंग, जाताना उचलून नेता येईल असंच सगळं. सात वर्षांच्या लग्नात माणसं संसाराचंही असंच करतील. जे नावावर राहतं आणि सोबत नेता येतं, म्हणजे पगार, पदवी, ठेव, सोनं, त्यात वेळ आणि पैसा घालतील. जे दुसऱ्याच्या कामी येतं आणि मागं काही ठेवत नाही, म्हणजे बाळंतपण, सासूचं आजारपण, नवऱ्याच्या बदलीसाठी सोडलेली नोकरी, ते टाळतील. आणि जे टाळणार नाहीत ते बुडतील.

किती बुडतील हा तिसऱ्या, हिशेबाच्या कलमाचा प्रश्न आधी घेऊ, आणि तो तुमच्यासारख्याच एका जोडप्यावर मांडून बघू. आकडे कल्पनेतले आहेत, पण पुण्यात न शोभणारे नाहीत. लग्नाच्या वेळी दोघांना महिना ७०,००० पगार. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याच्या नावावर फ्लॅट, ५० लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण ४३,४०० बसतो. तिसऱ्या वर्षी मूल. ती अडीच वर्षं घरी. नोकरीत असती तर त्या काळात सरासरी ८०,००० मिळाले असते असं धरलं, तर तीस महिन्यांचे २४ लाख गेले. परतते तेव्हा जुनं काम गेलेलं असतं, नवीन ७५,००० वर मिळतं. तोवर तो १,१०,००० वर पोचलेला. फरक महिना ३५,०००, वर्षाला ४ लाख २० हजार. हा फरक करार संपेपर्यंत तसाच राहून त्यापुढच्या दहा वर्षांत हळूहळू शून्यावर येईल असं तिला झुकतं माप देऊन धरलं, तरी पुढचं नुकसान २१ लाखांच्या घरात जातं.

सातव्या वर्षाच्या शेवटी मूल चार वर्षांचं आहे आणि करार संपतोय. त्या गेलेल्या २४ लाखांची झळ दोघांनी मिळून सोसली, कारण त्या काळात घर एकाच पगारावर चाललं. ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. पण पुढचे २१ लाख एकट्या तिच्या डोक्यावर आहेत. मूल दोघांचं, म्हणजे न्यायानं त्यातले साडेदहा लाख त्यानं तिला द्यायला हवेत. घटस्फोटाच्या वाटाघाटीत माणसं हमखास इथं घसरतात. 'मी काय काय सोडलं' अशी मागची यादी वाचत बसतात, आणि मोजायचा असतो तो पुढचा फरक.

आणि फ्लॅट? पाच वर्षांत २६ लाखांचे हप्ते गेले, पण त्यातलं मुद्दल फक्त सहा लाखांच्या आसपास फिटलं. बाकी सगळं व्याज. हप्ते त्याच्या खात्यातून गेले म्हणून त्याच्याकडं बँकेचा उतारा आहे. तिनं किराणा, पाळणाघर, बाईचा पगार, वीजबिल, सासऱ्यांची औषधं भरली असतील. त्यासाठी फोनवरच्या पेमेंटच्या शेकडो नोंदींपलीकडं काही नाही, आणि त्या कुणी जपत नाही. आपल्याकडं गोवा सोडला तर लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याचं नाव दस्तावर त्याची. पोटगी मागता येते, स्त्रीधन परत मागता येतं, पण फ्लॅटमध्ये वाटा म्हणून मागायला तिला पुराव्यानिशी झगडावं लागतं.

म्हणून मुदतीच्या लग्नात शहाणी माणसं हेच सगळं आधी ओळखून वागतील. फ्लॅट घेतला तर दोघांच्या नावावर, नाहीतर घेणारच नाहीत. मूल एक तर पहिल्या दोन वर्षांत, नाहीतर पहिलं नूतनीकरण झाल्यावर. तुमच्या बाबतीत नूतनीकरण ३६ व्या वर्षी येतं, आणि पस्तिशीनंतर गर्भ राहणं अवघड होत जातं. करारातला आकडा शरीराच्या घड्याळाला विचारून ठरलेला नसतो. पुरुषाला हे घड्याळ बरंच सैल आहे. शिवाय ३६ व्या वर्षी, पदरात मूल असताना, दुसरं स्थळ मिळण्याची त्याची आणि तुमची शक्यता आपल्या समाजात सारखी नाही. नूतनीकरणाच्या टेबलावर दोघं बसले तरी उठून जायची ताकद एकाकडं जास्त असेल, आणि अटी त्याच्या चालतील. गृहीत धरणं संपेल हे खरं, पण एकाच बाजूनं.

दुसरं कलम, नोटिशीचं. महिनाभर आधी सांगायचं ठेवलं तर दुसऱ्याला घर, नोकरी, पाळणाघर काहीच जमवता येत नाही. वर्षभर आधी ठेवलं तर नको असलेल्या माणसासोबत एका छपराखाली वर्ष काढायचं, आणि त्या वर्षात चांगलं वागून कुणाला काही मिळायचं नाही. हप्ता कोण भरणार, रात्री तापानं फणफणलेल्या पोराजवळ कोण बसणार, यावर रोज घासाघीस. ज्याला माहीत आहे की हे शेवटचं वर्ष, तो सहाव्या वर्षापासूनच हात आखडतो. दुसऱ्याला ते कळलं की तो पाचव्यापासून. त्यामुळं अशा लग्नातलं सहावं वर्ष ओळखू येईल. पगारवाढ घरी सांगायची नाही, बोनस आईच्या खात्यात, नवी एसआयपी स्वतःच्या एकट्याच्या नावावर, आणि वरून वागणं मात्र अतिगोड. खरी तक्रार सहाव्या वर्षी कुणीच बोलणार नाही, आणि नूतनीकरण झालं की आठव्या वर्षी सगळी एकदम बाहेर पडेल.

तारखेच्या काठावर माणसं कशी वागतात याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल तर घटस्फोटानंतरही आधीच्या जोडीदाराच्या नोंदीवर सरकारी निवृत्तिवेतनाचा हक्क मिळू शकतो. नऊ वर्षं दहा महिन्यांवर आलेल्या माणसाला वकील 'दोन महिने दम धरा' असंच सांगतात. रेषा आखली की माणसं तिच्या अलीकडं-पलीकडं उभी राहायला शिकतात. तुमची रेषा तर डिसेंबरात पडतेय. मुदत संपली की मूल शाळेच्या वर्षाच्या मधोमध. असा करार कुणी खरंच लिहायला घेतला, तर सात वर्षं लग्नाच्या तारखेपासून न मोजता पुढच्या एप्रिल-मेपर्यंत न्यावीत, म्हणजे जूनच्या प्रवेशाआधी घर आणि शाळा दोन्ही ठरतील. एवढी साधी गोष्टही ही कल्पना मांडणारे सहसा लिहीत नाहीत.

आता आजारपण, कारण माझ्या मते सात वर्षांच्या कल्पनेची सगळ्यांत मोठी खोट तिथं आहे. समजा सहाव्या वर्षी आठव्या महिन्यात दोघांपैकी एकाला मोठं दुखणं निघालं. किडनी म्हणा, स्तनाचा कर्करोग म्हणा, अपघातात पाय गेला म्हणा. आजच्या लग्नात ते दोघांचं दुखणं असतं, कारण लग्न करताना 'पुढं माझं काय होईल ते मला माहीत नाही, तुझं तुला माहीत नाही' या अज्ञानावरच दोघांनी सही केलेली असते. मुदतीच्या लग्नात नूतनीकरणाच्या दिवशी हे अज्ञान संपलेलं असतं. दुसऱ्यासमोर आता आजारी माणूस आहे, आणि त्याला नव्यानं विचारलं जातंय. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जोडीदार म्हणून असलेलं नाव त्याच दिवशी निघेल, आणि आधीच असलेल्या आजारासाठी नव्या पॉलिसीत थांबावं लागेल. गेलाच माणूस, तर वारसाहक्क कुणाला हेही तारखेवर. मुदत संपायच्या आदल्या दिवशी गेला तर ती पत्नी, पहिल्या वर्गाची वारस. दुसऱ्या दिवशी गेला तर कुणी नाही.

याचा परिणाम दुखणं यायच्या आधीच दिसेल. पाचव्या-सहाव्या वर्षी लोक तपासण्या टाळतील, गाठ लागली तरी सांगणार नाहीत. सांगितलं तर पुढची सात वर्षं जातील, ही धास्ती.

आणि मग आपल्याकडच्या याद्या. लग्न ठरवताना बैठक बसते, कुणी काय करायचं याच्या याद्या होतात. कायद्यानं १९६१ पासून हुंड्याला बंदी आहे, तरी 'मुलीला काय घालणार' हे विचारलं जातंच. दर सात वर्षांनी नूतनीकरण आलं, तर दर सात वर्षांनी नवी बैठक येईल. दोघं एकटे बसतील, हा तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा भाबडेपणा आहे. मामा, काका, सासरे सगळे बसतील, आणि मुलाला दुकान टाकायचंय, तेवढं बघा, असं कुणीतरी हळूच म्हणेल. आज ही मागणी एकदाच्या बोहल्यावर बरीचशी आटोपते. मुदतीच्या लग्नात ती कायमची टांगती राहील.

यात कायद्याची एक गुंतागुंतही आहे. आपल्या फौजदारी कायद्यात सात वर्षांची रेषा आधीपासून आहे. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी मानला जातो. हे १९८६ साली भारतीय दंड संहितेत ३०४ब म्हणून आलं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८० आहे. सात वर्षांच्या आतल्या आत्महत्येसाठी पुराव्याच्या कायद्यातही असंच गृहीतक आहे. मुदतीच्या लग्नात हे घड्याळ पहिल्या लग्नापासून मोजायचं की प्रत्येक नूतनीकरणापासून नव्यानं? पहिल्यापासून मोजलं तर दुसऱ्या मुदतीतल्या मागण्यांना हे संरक्षणच नाही. नव्यानं मोजायचं तर कायदा बदलावा लागेल, आणि मुलांच्या औरसपणापासून पेन्शनपर्यंत अशी शेकडो कलमं त्यासोबत.

हे ऐकून 'म्हणजे कल्पना टाकाऊ' असं त्याला सांगायला जाऊ नका. त्यातला हिशेबाचा भाग आजच्या कायद्यात राहूनही उचलता येतो. गोव्यात तो बराचसा आहे. तिथं पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्यानं, वेगळं काही ठरवलं नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा धरला जातो. ज्यांना ते नको त्यांनी लग्नाआधी नोंदणीकृत करार करून वेगळी पद्धत निवडायची, आणि ती लग्नानंतर बदलता येत नाही. ही शेवटची अट चमत्कारिक वाटते, पण तिच्यामागं जुनं शहाणपण आहे. लग्नानंतर अटी बदलता आल्या तर त्या बहुधा जोरकस बाजूच बदलून घेते. तुमच्या सात वर्षांच्या टेबलावर नेमकं हेच होईल.

पुण्यात तुम्ही काय करायचं ते आता. कराराचा कागद बाजूला ठेवा आणि त्याऐवजी ज्यांना किंमत आहे असे कागद करा. फ्लॅट घेताना खरेदीखतावर दोघांची नावं आणि वाट्याचं प्रमाण लिहून घ्या, फक्त कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करू नका. सहकर्जदाराला परतफेडीची जबाबदारी मिळते, मालकी मिळत नाही, आणि अनेक बायका नेमक्या इथं फसतात. हप्त्यासाठी एक संयुक्त खातं काढा, दोघांच्या पगारातून ठरलेली रक्कम त्यात जाऊ द्या, घरखर्चही त्यातूनच. म्हणजे किराणा कुणी भरला हा प्रश्नच उरत नाही. लग्नातलं सोनं कुणाकडून किती आलं याची वजनासकट यादी, पावत्या आणि फोटो तुमच्याकडं ठेवा आणि लॉकर तुमच्या नावावर घ्या. मूल झाल्यावर तुमच्यापैकी जो घरी राहील त्याच्या नावानं दुसऱ्यानं दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवायची, हेही आत्ताच ठरवा. वरच्या उदाहरणातले साडेदहा लाख भरून काढायचे असतील तर त्या तीस महिन्यांत महिना ३५,००० पडतात. एवढे झेपत नसतील तर निम्मे टाका आणि परत कामावर गेल्यावर उरलेले पुढं चालू ठेवा. नवऱ्यानं बायकोच्या नावावर पैसे गुंतवले तर त्यावरचं उत्पन्न आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, म्हणून करमुक्त पीपीएफपासून सुरुवात केलेली बरी. त्याची वर्षाची मर्यादा दीड लाख आहे, बाकीच्यासाठी सीए गाठा.

सात वर्षांनी बसायचं ठरवलंय तर जरूर बसा, पण 'चालू ठेवायचं का' या प्रश्नावर नको. त्या बैठकीत पाच गोष्टी टेबलावर असू द्या: दोघांच्या पगाराच्या स्लिपा, सगळ्या खात्यांचे उतारे, नॉमिनी कोण आहेत त्याची यादी, मृत्युपत्रं, आणि आठवड्यात घरकामाला आणि मुलाला कुणाचे किती तास जातात याची दोघांनी वेगवेगळी लिहिलेली नोंद. शेवटचा कागद आधी वेगवेगळा लिहायचा आणि मग शेजारी ठेवायचा. दोघांचे मिळून तास आठवड्यातल्या शक्य तासांपेक्षा जास्त भरले, तर कुणीतरी फुगवून सांगतंय. तशी बैठक सात वर्षांनी कशाला, दर वर्षी आयकर भरायच्या जुलैतही होते. कागद तेव्हा निघालेलेच असतात.

लग्नाआधी त्याला एकच विचारा: तुझ्या करारात मुदत संपली आणि तेव्हा मी अडीच वर्षं घरी बसलेली असेन, तर तू मला किती देणार? उत्तर आकड्यात आलं तर वरचे कागद करायला त्याची हरकत नसावी. 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं आलं, तर डिसेंबरचं कार्यालय ठरवायच्या आधी आणखी एकदा नीट बसा.